चेक परत आला, आता वहीत काय लिहायचं?

सांगलीतल्या एका घाऊक व्यापाऱ्याचं उदाहरण घेऊ. त्याचा धंदा पीव्हीसी पाइप आणि नळसामानाचा. 2 जूनला त्याने एका किरकोळ दुकानदाराला एक लाखाचा माल दिला. त्यावर 18 टक्के जीएसटी धरून बिल झालं 1,18,000 रुपयांचं. मुदत तीस दिवसांची, पण पंधरा दिवसांत पैसे दिले तर दोन हजार सूट, असं ठरलेलं. दुकानदाराने 16 जूनला 1,16,000 चा चेक दिला, व्यापाऱ्याने तो त्याच दिवशी बँकेत भरला. वहीत बँक नावे 1,16,000, सूट नावे 2,000 आणि दुकानदाराच्या खात्यात जमा 1,18,000 अशी नोंद झाली. पार्टीचं खातं मिटलं.

18 जूनला चेक परत आला. रिटर्न मेमोवर कारण होतं, खात्यात पुरेशी शिल्लक नाही.

अशा वेळी बऱ्याच दुकानांत हिशेब लिहिणाऱ्याचा हात पहिल्यांदा जातो तो 16 तारखेच्या जमेच्या नोंदीकडे. पैसे आलेच नाहीत, मग नोंद कशाला, असं म्हणून ती खोडून टाकली जाते. शिल्लक बरोबर जुळते, म्हणून ही चूक लवकर कळत नाही. महिनाअखेरीला बँकेच्या स्टेटमेंटशी वही ताडायला बसलं की मात्र ती समोर येते. तिकडे 1,16,000 आल्याची एक ओळ आहे, 1,16,000 गेल्याची दुसरी ओळ आहे आणि वहीत दोन्हींना जोडीदार नाही. वर्षभरात असे पाच-सहा चेक परत आले असतील तर कुठला कोणाचा हे शोधताना घाम फुटतो. त्याहून वाईट म्हणजे या दुकानदाराचा चेक एकदा परत आला होता, ही माहितीच त्याच्या खात्यातून पुसली जाते. पुढच्या वेळी उधारी द्यायची की नाही हे ठरवताना नेमकी तीच हवी असते.

चेक भरला ही 16 तारखेची खरी घटना आहे आणि परत आला ही 18 तारखेची. म्हणून पहिली नोंद तशीच ठेवायची आणि 18 तारखेला नवी करायची: दुकानदार नावे 1,16,000, बँक जमा 1,16,000. टॅलीत ही पेमेंट व्हाउचरने होते. तपशिलात चेक नंबर, मेमोची तारीख आणि परतीचं कारण लिहावं. ही नोंद मेमो हातात पडला त्याच दिवशी व्हायला हवी, कारण तोवर वहीतली बँक शिल्लक 1,16,000 ने फुगलेली असते. त्या भरवशावर आपण कंपनीला चेक दिला तर तोही परत जाऊ शकतो.

इथे काम संपल्यासारखं वाटतं, पण दुकानदाराकडून येणं अजून दोन हजारांनी कमी दिसतंय. सूट वेळेवर पैसे मिळण्यासाठी होती आणि पैसे मिळालेले नाहीत. तेव्हा दुसरी नोंद: दुकानदार नावे 2,000, सूट खातं जमा 2,000. आता येणं पुन्हा 1,18,000 झालं. जिथे चेकची रक्कम बिलाएवढीच नसते तिथे ही सुटीची नोंद हमखास राहून जाते, आणि व्यापारी न मिळालेल्या पैशांवर सूट देऊन बसतो.

येणं पुन्हा उभं करताना ते कुठल्या बिलावर उभं केलं, याकडे मी सगळ्यात जास्त लक्ष देईन. टॅलीत बिलवार तपशील ठेवत असाल तर या नोंदी 2 जूनच्या मूळ बिलाच्या नंबरावर आणि मूळ तारखेनेच पडायला हव्यात. घाईत `New Ref` निवडून 18 जून ही तारीख टाकली, तर तीस दिवसांची मुदत 2 जुलैऐवजी 18 जुलैला संपते असं दिसतं. चेक परत गेल्याचं बक्षीस म्हणून दुकानदाराला सोळा दिवस जास्त मिळाले आणि थकबाकीच्या यादीत तो शहाण्या गिऱ्हाइकांत जाऊन बसला. एका चेकमध्ये तीन बिलांचे पैसे असतील तर परतीची रक्कमही त्याच तीन बिलांवर, त्याच वाटणीने गेली पाहिजे.

मूळ तारखेचं महत्त्व दुकानदारालाही आहे. त्याने या बिलावरच्या 18,000 जीएसटीचं क्रेडिट घेतलं असेल आणि बिलाच्या तारखेपासून 180 दिवसांत, म्हणजे 29 नोव्हेंबरपर्यंत, पैसे दिले नाहीत, तर ते क्रेडिट त्याला व्याजासह परत करावं लागतं. वसुलीच्या बोलण्यात हे आठवण करून देण्यासारखं आहे.

व्यापाऱ्याने मात्र विक्रीच्या नोंदीला हात लावू नये. माल गेला, विक्री झाली, त्यावरचा कर देय झाला. चेक परत आला म्हणून क्रेडिट नोट काढणं किंवा कर कमी दाखवणं चूक आहे.

आता बँकेचे चार्जेस. समजा बँकेने 300 रुपये आणि त्यावर 54 रुपये जीएसटी कापला. ही ओळ बरेचदा मेमोच्या एक-दोन दिवसांनी येते, म्हणून ती परतीच्या नोंदीत मिसळू नये. तिची वेगळी नोंद: बँक चार्जेस नावे 300, इनपुट सीजीएसटी 27, इनपुट एसजीएसटी 27, बँक जमा 354. आपला जीएसटी नंबर बँकेत नोंदलेला असेल आणि बँकेचं कराचं बिल मिळत असेल तर 54 चं क्रेडिट मिळतं, म्हणजे खरा खर्च 300 च. व्यापारी नोंदणीकृत नसेल तर पूर्ण 354 खर्चात.

हा खर्च दुकानदाराकडून घ्यायचा ठरलं, तर दुकानदार नावे 300, बँक चार्जेस जमा 300. चेक परतीबद्दल घेतलेल्या अशा दंडावर जीएसटी लागत नाही, हे केंद्राच्या अप्रत्यक्ष कर मंडळाने ऑगस्ट 2022 च्या परिपत्रकात स्पष्ट केलं आहे. वसुली होणार नाही अशी खात्री असेल तर ही नोंद करूच नये. उगाच तीनशे-तीनशेची येणी वर्षानुवर्षं लोंबकळत राहतात.

1,16,000, 2,000 आणि 300 या तीन रकमा खात्यात वेगळ्या ठेवण्यामागे आणखी एक कारण आहे. परक्राम्य संलेख कायद्याच्या कलम 138 खाली जायचं झालं तर मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस द्यावी लागते, आणि नोटीस मिळाल्यापासून पंधरा दिवस समोरच्याला पैसे भरायला असतात. त्या नोटिशीतली मागणी चेकच्या रकमेची असते. चेक 1,16,000 चा असताना सरसकट 1,18,300 मागितले आणि त्यात चेकची रक्कम किती हे वेगळं दाखवलं नाही, तर नोटीसच अवैध ठरू शकते. खात्याचा उतारा वकिलाच्या हाती दिला की त्यात चेकची ओळ स्वतंत्र दिसली पाहिजे.

आपल्या दुकानदाराने 5 जुलैला एनईएफटीने 1,18,300 भरले असं धरू. ही नवी जमा: 1,18,000 मूळ बिलावर आणि 300 चार्जेसच्या नोंदीवर. त्याऐवजी त्याने तोच चेक पुन्हा भरायला सांगितलं असतं, तर चेकवरच्या तारखेपासून तीन महिन्यांत तो भरता आला असता, आणि त्याचीही जमा नव्या तारखेने, त्याच चेक नंबराने नव्याने लिहावी लागली असती. मूळ चेक आणि मेमो मात्र पैसे खात्यात दिसेपर्यंत परत करू नयेत.