माइकपासून स्पीकरपर्यंत: डेसिबलची बेरीज

वक्ता माइकसमोर बोलू लागला की माइकच्या तारेतून साधारण २ मिलिव्होल्टचा संदेश निघतो, असं धरू. मंडपातला ८ ओहमचा स्पीकर ५० वॅटने वाजवायचा तर त्याला २० व्होल्ट लागतात. म्हणजे मधल्या अ‍ॅम्प्लिफायरला व्होल्टेज १०,००० पट करायचं आहे.

हे काम एकाच दमात होत नाही, टप्प्याटप्प्यानं होतं. पहिला टप्पा, म्हणजे प्री-अ‍ॅम्प, व्होल्टेज १०० पट करतो. मग बास-ट्रेबलचं टोन कंट्रोल येतं. ते साध्या रेझिस्टर-कपॅसिटरचं असेल तर संदेश वाढवत नाही, उलट एक दशांशावर आणतं. त्यानंतरचा टप्पा ५० पट वाढवतो आणि शेवटचा पॉवर अ‍ॅम्प २० पट. चारही आकडे गुणले की १०,००० येतात. पण टप्पे वाढले किंवा एखादा बदलला की हा गुणाकार पुन्हा मांडावा लागतो.

टेलिफोनच्या लांबलचक तारांचा हिशेब करणाऱ्या अमेरिकी इंजिनिअरांपुढे १९२० च्या दशकात हाच प्रश्न होता. गुणाकाराचा लॉग म्हणजे लॉगांची बेरीज, हा शाळेतला नियम त्यांनी कामाला लावला. शक्ती दहापट झाली की एक बेल, आणि त्याचा दहावा भाग म्हणजे डेसिबल. बेल हे नाव अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्यावरून आलं.

G = 10 log10(P2/P1)

हे सूत्र शक्तीचं आहे. आता रोध तोच ठेवून व्होल्टेज दुप्पट केलं तर शक्ती चौपट होते, कारण शक्ती व्होल्टेजच्या वर्गाप्रमाणे बदलते. वर्गातला २ लॉगबाहेर येतो आणि १० चे २० होतात:

G = 20 log10(V2/V1)

रोजच्या कामाला दोन जोड्या पाठ असल्या तरी पुरतं. व्होल्टेज दहापट म्हणजे २० डेसिबल, दुप्पट म्हणजे जवळजवळ ६. शक्तीसाठी हेच आकडे १० आणि ३. घट असेल तर उणे चिन्ह. उलट जाणंही तोंडी जमतं. २६ डेसिबल म्हणजे २० अधिक ६, म्हणून दहाच्या दुप्पट, २० पट. ३४ म्हणजे ४० वजा ६, म्हणून शंभराच्या निम्मे, ५० पट. अवघड आकडा आला तर डेसिबलला २० ने भागायचं (शक्ती असेल तर १० ने) आणि उत्तर १० चा घातांक म्हणून घ्यायचं.

आता आपली साखळी मांडू. प्री-अ‍ॅम्प ४०, टोन कंट्रोल उणे २०, पुढचा टप्पा ३४, पॉवर अ‍ॅम्प २६. बेरीज ८० डेसिबल, म्हणजेच १०,००० पट.

प्रत्यक्षात जोडणी केल्यावर मात्र स्पीकरवर २० ऐवजी १० व्होल्टच मिळाले, तर? ही ६ डेसिबलची तूट आहे, म्हणजे कुठंतरी व्होल्टेज नेमकं निम्मं होतंय. टोन कंट्रोलच्या आउटपुटचा रोध १० किलोओहम आणि पुढच्या टप्प्याच्या इनपुटचा रोधही १० किलोओहम असेल, तर व्होल्टेज दोघांत सारखं वाटलं जातं. प्रत्येक टप्पा सुटा मोजला तेव्हा पुढचा भार जोडलेला नव्हता, म्हणून हे दिसलं नाही. स्पीकरला आता ५० ऐवजी साडेबारा वॅट मिळतात. पुढच्या टप्प्याचा इनपुट रोध १०० किलोओहम ठेवला तर या सांध्यावरची तूट एका डेसिबलच्याही आत येते. म्हणून टप्प्याचा गेन पुढचा टप्पा जोडलेला असतानाच मोजावा; मगच बेरीज खरी ठरते.

दुसरी गल्लत होते ती १० आणि २० च्या सूत्रांत. आपल्या प्री-अ‍ॅम्पचा इनपुट रोध २ किलोओहम असेल, तर २ मिलिव्होल्टला तो माइककडून फक्त २ नॅनोवॅट घेतो. तिथून ५० वॅट म्हणजे २,५०० कोटी पट, म्हणजेच १०४ डेसिबल! मग मघाचे ८० कुठले? ते व्होल्टेजचे. मधला २४ चा फरक २,००० आणि ८ ओहम या रोधांच्या गुणोत्तरातून येतो: २५० पट, म्हणजे २४ डेसिबल. इनपुट आणि आउटपुटचे रोध सारखे असतील तरच दोन्ही आकडे एक होतात. दोन्ही आकडे बरोबर आहेत, पण एकाच बेरजेत काही टप्पे व्होल्टेजचे आणि काही शक्तीचे घेतले, तर उत्तराला अर्थ उरत नाही. म्हणून अ‍ॅम्प्लिफायरवर ‘गेन २६ डेसिबल’ एवढंच लिहिलेलं दिसलं, तर तो गेन व्होल्टेजचा की शक्तीचा आणि कोणत्या भारावर मोजलेला, हे आधी विचारावं.