साखर कारखान्यातील केमिस्टची मुलाखत : रसाच्या एका नमुन्याचा हिशेब

मंगळवेढे म्हटले की पूर्वी ज्वारीची काळी रानेच डोळ्यांपुढे येत. आज त्याच तालुक्यात पाणी पोचले तिथे ऊस उभा आहे, आणि गावाच्या नावाशी श्री संत दामाजी सहकारी साखर कारखान्याचे नावही जोडले गेले आहे. रसायनशास्त्र घेऊन बी. एस्सी. झालेल्या आपल्या भागातील मुलामुलींना घराजवळ मिळू शकणाऱ्या नोकऱ्यांपैकी एक म्हणजे साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेतील केमिस्टची. या मुलाखतीत काय विचारतात आणि ते का विचारतात, हे प्रस्तुत लेखात एकाच उदाहरणाने पाहू. ते उदाहरण म्हणजे उसाच्या रसाचा एक नमुना.

मुलाखत बहुधा चीफ केमिस्ट घेतात. त्यांचा पहिला प्रश्न साधा असतो : "कॉलेजात केलेला एखादा प्रयोग समजावून सांगा." पुष्कळ उमेदवार इथे जर्नलमधील उद्देश, साहित्य, कृती असा क्रम पाठ म्हणून दाखवतात. साहेबांना मात्र तुम्ही काय मोजले, ते मोजता कशामुळे आले आणि कुठे चूक झाली असती, हे ऐकायचे असते.

प्रयोग कोणता सांगावा?

पोलॅरिमीटरवर साखरेचे विघटन पाहण्याचा प्रयोग केला असेल तर तोच सांगावा. विल्हेल्मी या जर्मन शास्त्रज्ञाने १८५० मध्ये याच प्रयोगातून रासायनिक क्रियेचा वेग पहिल्यांदा मोजला, आणि कारखान्यातील रोजचे कामही त्याच तत्त्वावर चालते.

तत्त्व असे. साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश गेला की त्याची पातळी उजवीकडे वळते. साखरेत आम्ल मिसळले की तिचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. ग्लुकोज प्रकाश उजवीकडे वळवते, पण फ्रुक्टोज त्याहून जोराने डावीकडे वळवते. त्यामुळे वेळ जाईल तसे वाचन उतरत जाते, शून्यावर येते आणि शेवटी डावीकडे जाते. कॉलेजात आपण साखरेच्या गाळलेल्या द्रावणात तेवढेच हायड्रोक्लोरिक आम्ल मिसळतो, घड्याळ सुरू करतो, दर काही मिनिटांनी वाचन घेतो आणि क्रिया पूर्ण झाल्यावर शेवटचे वाचन घेतो.

यावर हमखास येणारा प्रश्न असा : "या क्रियेत पाणीही खर्च होते. मग तिला प्रथम कोटीची क्रिया का म्हणता?" द्रावणात पाणी इतके जास्त असते की खर्च झालेल्या पाण्याने त्याचे प्रमाण बदलल्यासारखे होत नाही, म्हणून वेग केवळ उरलेल्या साखरेवर अवलंबून दिसतो, हे उत्तर दोन वाक्यांत देता आले पाहिजे. दुसरा प्रश्न : "वाचन चुकले असेल तर कशामुळे?" नळीत अडकलेला हवेचा बुडबुडा, काचेच्या चकतीवरील ओलावा, मध्येच बदललेले तापमान, आणि सोडियमचा दिवा पूर्ण पिवळा होण्याआधीच घेतलेले वाचन ही खरी कारणे. पाण्याने शून्य तपासले होते का, हेही सांगावे.

तोच प्रयोग कारखान्यात

यानंतर साहेब टेबलावर रसाची बाटली ठेवतात आणि विचारतात, "याची शुद्धता काढून दाखवा." इथे दोन आकडे लागतात. एक ब्रिक्स, म्हणजे रसात विरघळलेल्या सर्व घन पदार्थांचे शेकडा प्रमाण. दुसरा पोल, म्हणजे पोलॅरिमीटरने दाखवलेले साखरेचे शेकडा प्रमाण. पोलला ब्रिक्सने भागून शंभराने गुणले की शुद्धता मिळते.

ब्रिक्ससाठी रस उंच भांड्यात भरून पंधरा-वीस मिनिटे स्थिर ठेवतात. गिरणीतून आलेल्या रसात हवेचे बारीक बुडबुडे असतात. ते ब्रिक्सच्या तरकाट्याला चिकटले तर काटा वर उचलला जातो आणि ब्रिक्स खोटा जास्त दिसतो. मग काटा हळूच सोडून वाचन घेतात आणि त्याच वेळी रसाचे तापमान पाहतात. समजा वाचन १७.७ आले. काटा २७.५ अंशांना जुळवलेला आहे आणि रस ३१.५ अंशांचा आहे. गरम रस पातळ असतो, म्हणून काटा खोल बुडतो आणि ब्रिक्स कमी दिसतो. या घट्टपणाच्या रसात दर अंशाला सुमारे ०.०७ मिळवावे लागतात. चार अंशांना साधारण ०.३. म्हणजे खरा ब्रिक्स १८.०. "तापमान पाहिले का?" हा प्रश्न येण्याआधी उमेदवाराने ते स्वतः पाहिले, तर अर्धी मुलाखत तिथेच होते.

पोलसाठी रस आधी नितळ करावा लागतो, कारण गढूळ रसातून प्रकाश जात नाही. जुनी रीत अशी की सुमारे १०० मिलिलिटर रसात साधारण एक ग्रॅम कोरडी लेड सबअ‍ॅसिटेटची भुकटी टाकून हलवायचे आणि गाळायचे. गाळलेला पहिला थोडा रस टाकून द्यायचा, पुढच्या रसाने नळी विसळायची आणि मग २०० मिलिमीटरची नळी भरायची. भुकटी कोरडी का? तिचे द्रावण करून टाकले तर रस पातळ होईल आणि हिशेब बदलेल. भुकटी जास्त पडली तर? शिसे फ्रुक्टोजशी संयोग पावते, त्याचे डावीकडे वळवणे कमी होते आणि पोल खोटा वाढतो. म्हणून रस नितळ होईल एवढीच भुकटी.

आता हिशेब. कारखान्यातील यंत्रावर साखरेची मोजपट्टी असते. २६ ग्रॅम शुद्ध साखर १०० मिलिलिटर द्रावणात असेल तर ते १०० दाखवते. कॉलेजच्या पोलॅरिमीटरवर हेच द्रावण साधारण ३४.६ अंश दाखवील. हा फरक न कळल्याने उमेदवार गोंधळतात. समजा आपल्या रसाचे वाचन ६२ आले. १८ ब्रिक्सच्या रसाची घनता सुमारे १.०७२ असते. ६२ ला ०.२६ ने गुणून १.०७२ ने भागले की पोल १५.०४ येतो. शुद्धता झाली साधारण ८३.५. प्रत्यक्ष कामात हा गुणक तक्त्यातून घेतात. पण तक्ता कशावर बेतलेला आहे हे सांगता आले पाहिजे.

दोन नमुने, एक प्रश्न

आता साहेब दुसरा नमुना पुढे करतात. त्याचा ब्रिक्स १८.८ आणि वाचन ५९. हिशेब केला तर पोल साधारण १४.३ आणि शुद्धता ७६ येते. "ब्रिक्स वाढला तरी शुद्धता पडली. काय झाले असेल?"

इथे कॉलेजचा प्रयोग उपयोगी पडतो. ऊस तोडून दोन-चार दिवस उन्हात पडला की त्यातील पाणी उडते, म्हणून ब्रिक्स वाढतो. त्याच वेळी साखरेचे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होऊ लागते, म्हणून पोल उतरतो. परीक्षानळीत आम्लाने केलेले विघटन इथे मोळीत आपोआप होत असते. मात्र चांगला उमेदवार आणखी एक वाक्य जोडतो : "साहेब, ऊस शिळा आहे म्हणण्याआधी हा नमुना गिरणीवरून कधी आणला ते मला पाहावे लागेल." कारण ताज्या उसाचा रस बाटलीत तासन्‌तास तसाच राहिला तरी त्याचा पोल उतरतो. दोष उसाचा की नमुन्याचा हे केवळ आकडा सांगत नाही. बाटलीवरील वेळेची चिठ्ठी सांगते. आणि उसात डेक्स्ट्रान नावाचा चिकट पदार्थ झाला असेल तर तो स्वतः प्रकाश उजवीकडे वळवतो, म्हणजे खराब उसाचाही पोल चांगला दिसू शकतो. यंत्राची ही मर्यादा ठाऊक असणे केमिस्टला आवश्यक आहे.

सुरक्षितता : गोड विष

सुरक्षिततेचा प्रश्न आला की अ‍ॅप्रन, चष्मा, हातमोजे अशी यादी म्हणून उमेदवार थांबतात. त्यापेक्षा याच टेबलावरील धोका सांगावा. लेड सबअ‍ॅसिटेट हे शिशाचे संयुग विषारी आहे. शिशाच्या अ‍ॅसिटेटला गोडसर चव असते, त्यामुळे जीभ सावध करीत नाही. एका दिवसात काही जाणवत नाही. पण शिसे शरीरात साठत जाते आणि रक्त, मूत्रपिंड व मज्जातंतू यांना इजा करते. म्हणून पिपेट तोंडाने ओढायची नाही, रबरी फुगा वापरायचा. भुकटी उडू द्यायची नाही. चहाचा कप त्या टेबलावर आणायचा नाही आणि पाळी संपल्यावर हात साबणाने धुवायचे.

मग एक फसवा प्रश्न येतो : "तपासून उरलेला रस वाया का घालवायचा? परत हौदात ओतला तर?" उत्तर ठाम नकार. त्यात शिसे आहे आणि हौदातील रसाची साखर माणसे खातात. तो रस आणि गाळणकागद मोरीतही टाकायचा नाही. वेगळ्या, नाव लिहिलेल्या भांड्यात जमा करायचा. आता शिसे नसलेल्या भुकट्याही वापरल्या जातात, हे सांगितले तर उत्तर पूर्ण होते.

आकड्याचे मोल

शेवटचा प्रश्न बहुतेक असा असतो : "तुमचे वाचन मागच्या पाळीशी जुळत नाही. वहीत काय लिहाल?" काही उमेदवार सरासरी काढू म्हणतात, काही मागचाच आकडा धरतात. योग्य उत्तर असे : शून्य पुन्हा तपासेन, त्याच नमुन्यातून दुसरी नळी भरून पाहीन, तरी तेच आले तर माझे वाचन वेळेसह लिहीन आणि साहेबांना कळवीन. लिहिलेला आकडा खोडायचा तर एक रेघ मारून, खालचे वाचता येईल असा, आणि बाजूला सही करून.

हा आग्रह कशासाठी, ते उसाच्या दरातून कळते. केंद्र सरकारने २०२४-२५ च्या हंगामासाठी १०.२५ टक्के उताऱ्याला टनामागे ३४०० रुपये दर ठरवला, आणि त्यापुढील प्रत्येक ०.१ टक्क्याला टनामागे ३३ रुपये २० पैसे वाढ. उतारा म्हणजे गाळलेल्या उसातून मिळालेली साखर. तो एका नळीवरून ठरत नाही. पण उसात साखर किती आली आणि चिपाडात, गाळात व मळीत किती गेली, हा ताळेबंद प्रयोगशाळेच्या वह्यांतूनच मांडला जातो. चिपाडातील साखर वाढलेली वेळीच दिसली तर गिरणी दुरुस्त होते. वही जुळवून लिहिली तर ती साखर चिपाडाबरोबर बॉयलरमध्ये जळते आणि कुणाला कळतही नाही. ज्यांच्या घरात कुणी ऊस लावला आहे किंवा कुणी तोडणीला गेले आहे, त्या उमेदवाराला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. मुलाखतीत त्याने ते फक्त आपल्या वाचनाशी जोडून दाखवावे.