फी भरताना यूपीआयची मर्यादा संपते तेव्हा

यूपीआयने एका बँक खात्यातून दिवसाला साधारणपणे 1 लाख रुपयांपर्यंत पैसे पाठवता येतात. काही बँकांनी याहून कमी मर्यादा ठेवली आहे. ही मर्यादा खात्याला लागू असते, त्यामुळे ती संपल्यावर दुसरे ॲप उघडून त्याच खात्यातून पैसे भरायला गेल्यास व्यवहार पुन्हा नाकारला जातो. निकडीच्या वेळी बहुतेकांचा वेळ इथेच वाया जातो.

समजा, प्रवेशाच्या शेवटच्या दिवशी कॉलेजची 82,000 रुपये फी भरायची आहे आणि सकाळीच त्या खात्यातून घरमालकाला 30,000 रुपये गेले आहेत. खात्यात पैसे पुरेसे असले तरी मर्यादेत 70,000 रुपयेच उरतात. शिक्षणसंस्था आणि रुग्णालयांसाठी एका व्यवहाराची मर्यादा 5 लाखांपर्यंत नेण्याचा निर्णय रिझर्व्ह बँकेने डिसेंबर 2023 मध्ये जाहीर केला. पण संस्थेची नोंद त्या वर्गात झालेली असेल आणि खातेदाराची बँकही ती सवलत देत असेल, तरच तिचा उपयोग होतो. काही बँका मर्यादा मध्यरात्रीपासून न मोजता मागच्या 24 तासांवरून मोजतात. तेव्हा बारा वाजण्याची वाट पाहणे भरवशाचे नाही.

सर्वांत सरळ मार्ग म्हणजे कॉलेजच्या फीच्या पानावर यूपीआयऐवजी नेट बँकिंग निवडणे. खाते तेच राहते, मात्र नेट बँकिंगची मर्यादा वेगळी मोजली जाते. डेबिट कार्डही चालते, पण त्याची ऑनलाइन खर्चाची मर्यादा बँकेच्या ॲपमध्ये आधी पाहून घ्यावी; ती बहुधा तिथेच वाढवता येते. कार्डावर जादा शुल्क लागत असेल तर ते रक्कम भरण्यापूर्वी दिसते. घरातील दुसऱ्या कुणाच्या खात्यातून भरतानाही विद्यार्थ्याचा अर्ज क्रमांक घालून त्याच पानावरून भरावे, म्हणजे पावती विद्यार्थ्याच्या नावावर निघते. कॉलेजने खाते क्रमांक दिला असेल तर एनईएफटी चोवीस तास चालते. मात्र नव्याने जोडलेल्या खात्यावर अनेक बँका सुरुवातीचे काही तास थोडीच रक्कम जाऊ देतात. तेवढा वेळ हाताशी नसेल तर हा मार्ग उपयोगाचा नाही.

व्यवहार अडकला आणि पैसे कापले गेले, तर लगेच दुसऱ्यांदा भरण्याआधी बँकेच्या ॲपमधील नोंद आणि कॉलेजच्या पानावरील स्थिती दोन्ही पाहावी. ‘पेंडिंग’ दिसत असताना पुन्हा भरल्यास फी दोनदा जाऊ शकते. यूपीआयने दुकान वा संस्थेला केलेला व्यवहार फसून पैसे कापले गेले असतील, तर व्यवहाराच्या दिवसानंतर 5 दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे विलंबाच्या प्रत्येक दिवसाला बँकेने 100 रुपये भरपाई द्यावी, असा रिझर्व्ह बँकेचा 2019 चा नियम आहे. व्यवहाराचा संदर्भ क्रमांक आणि चुकीच्या संदेशाचे छायाचित्र जपून कॉलेजच्या फी विभागाला ताबडतोब ईमेल करावा. मुदत संपण्यापूर्वी भरण्याचा प्रयत्न झाला होता याचा तो लेखी पुरावा ठरतो.

मर्यादा लगेच वाढवून देतो असे सांगून कुणी ओटीपी किंवा यूपीआय पिन मागितला, तर ती फसवणूकच समजावी. बँकेला त्यासाठी पिन लागत नाही. कॉलेजच्या कर्मचाऱ्याच्या वा एजंटाच्या खासगी क्यूआरवर फी भरणेही धोक्याचे, कारण त्याची अधिकृत पावती निघत नाही. पैसे गेलेच, तर 1930 या क्रमांकावर लगेच तक्रार नोंदवावी.