एकविसाव्या दिवशी थांबलेलं घड्याळ

दोन फ्लोट `==` ने का ताडून पाहू नयेत, हे आज सांगायचं कबूल केलं होतं. ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो, कारण एका वाचकाच्या पत्राने मला झपाटून टाकलं आहे. शीतगृहाच्या तापमानाची नोंद ठेवायला त्यांनी अर्डुइनो उनोवर एक उपकरण बांधलं. ते किती सेकंद चालू आहे हे कळावं म्हणून सेकंदातून दहा वेळा ही ओळ चालते:

```c
t += 0.1f;   // t हा float
```

तीन आठवड्यांनी पडद्यावरचा आकडा 2097152 वर अडकला. बाकी सगळं सुरळीत. त्यांना चिप बिघडल्याची शंका आली.

चिप ठणठणीत आहे. फ्लोटच्या मॅन्टिसात, तो न लिहिलेला बिट धरून, 24 बिट असतात हे आपण पाहिलंच. त्यामुळे दोनाचा पुढचा घात ओलांडला की शेजारच्या दोन फ्लोटांमधलं अंतर दुप्पट होतं. 2097152 म्हणजे 2 चा 21 वा घात, आणि त्याच्या पुढचा फ्लोट थेट 2097152.25. बेरीज येते 2097152.1, तिला जवळचा फ्लोट खालचाच. म्हणून `t` जागचा हलत नाही, कधीच हलणार नाही.

खरा धोका मात्र त्याआधीचा आहे. 131072 पासून दर वेळी 0.1 ऐवजी 0.09375 च मिळत होते, म्हणजे घड्याळ मागे पडत होतं. 524288 नंतर 0.125 मिळू लागले आणि ते सव्वापट वेगाने पळालं. पडद्यावरचे सेकंद चोवीस दिवसांचे, प्रत्यक्षात लोटले जेमतेम एकवीस! थांबलेलं घड्याळ नजरेला येतं, पळणारं येत नाही.

आणि या चुकीच्या बेरजेसाठी तो बिचारा प्रोसेसर राबत किती होता! उनोवरच्या ATmega328P मध्ये फ्लोटिंग पॉइंट युनिट नाही, म्हणून कंपायलर तिथे लायब्ररीतलं फंक्शन बोलावतो. ते आधी दोन्ही घातांक सुटे करतं: इथे 21 आणि उणे 4. फरक 25, तेवढी घरं लहान संख्येचा मॅन्टिसा उजवीकडे सरकवायचा. हा कोर 8 बिटांचा. मॅन्टिसा तीन रजिस्टरांत पसरलेला आणि शिफ्टची एक सूचना एका रजिस्टराला एकच घर सरकवते. मग बेरीज, मांडणी, राउंडिंग आणि पुन्हा बांधणी. अशा एका बेरजेला साधारण शंभराच्या आसपास क्लॉक सायकल जातात. 32 बिटांच्या पूर्णांकांची बेरीज रजिस्टरांतल्या रजिस्टरांत चार सूचनांत, चार सायकलमध्ये उरकते.

`double` लिहून सुटका नाही. उनोवर तोही चारच बाइटांचा असतो. उपाय सोपा आहे, दशांश सेकंद पूर्णांकात मोजा:

```c
uint32_t n = 0;
n++;          // दर 0.1 सेकंदाला
```

दाखवताना `n / 10`, टिंब, मग `n % 10`. हा काउंटर तेरा वर्षांहून अधिक काळ अचूक चालतो. `==` चं पुढच्या आठवड्यात नक्की. तोवर आपल्या कोडमध्ये फ्लोटात वाढत जाणारा एखादा काउंटर आहे का, तेवढं तपासून घ्या.