काल टाकलेला चेक आज कुठे आहे?

मंगळवारी दुपारी साडेचारला बँकेच्या ड्रॉप बॉक्समध्ये चेक टाकला. बुधवारी सकाळी साडेनऊला मोबाइलवर शिल्लक पाहिली, तर आकडा तोच. शाखेत फोन केला की तिकडून ठरलेलं उत्तर मिळतं: "क्लिअरिंगला आहे." या दोन शब्दांखाली बरंच काही झाकलं जातं. त्या चेकने अजून शाखेचा उंबराही ओलांडलेला नसण्याची शक्यताच जास्त.

पूर्वी दिवसभराचे चेक एका गठ्ठ्यात जात आणि पैसे दुसऱ्या दिवशी येत. रिझर्व्ह बँकेने 4 ऑक्टोबर 2025 पासून ही पद्धत बदलली. आता चेक जसजसे स्कॅन होतात तसतसे पुढे जातात आणि संध्याकाळच्या आत त्यांचा निकाल लागायला हवा. पण हे घड्याळ चेक पेटीत पडल्यावर सुरू होत नाही, तो पुढे पाठवल्यावर सुरू होतं. क्लिअरिंगला चेक पाठवायची वेळ दुपारीच संपते आणि शाखेची स्वतःची वेळ त्याहूनही आधी. त्यानंतर पेटीत पडलेला चेक दुसऱ्या कामाच्या दिवसाचा धरतात. ही वेळ बहुतेक पेट्यांवर लिहिलेली असते, फक्त ती आपण वाचत नाही.

आता आपला चेक घ्या. समजा, कोल्हापूरच्या एका केटररला पुण्यातल्या सोसायटीने 48,500 रुपयांचा चेक दिला आहे. बुधवारी सकाळी शाखेत पेटी उघडते, क्लार्क तारीख, अक्षरी रक्कम, सही बघतो आणि चेक स्कॅनरमधून जातो. कागद तिथेच थांबतो. पुढचा प्रवास चेकच्या चित्राचा आणि तळाच्या पट्टीवरच्या आकड्यांचा. चेकचा क्रमांक आणि तो कोणत्या शहरातल्या, कोणत्या बँकेच्या, कोणत्या शाखेचा आहे, हे त्या पट्टीवरून कळतं. म्हणून चेक घडी घालून खिशात ठेवू नये आणि त्या पट्टीवर शिक्काही मारू नये.

समजा अकराच्या सुमारास चित्र पुण्याच्या बँकेकडे पोचलं. बँकवाले याला 'इनवर्ड' म्हणतात. तिथे खात्यात पैसे आहेत का, सही जुळते का, पेमेंट थांबवायची सूचना आहे का, हे पाहून चेक पास होतो किंवा परत जातो. मुदत संध्याकाळी सातपर्यंतची. तोवर त्या बँकेने काहीच कळवलं नाही, तर चेक मंजूर झाला असं धरतात. मला या बदलातला हा सर्वांत चांगला भाग वाटतो, कारण आता गप्प बसण्याची किंमत घेणाऱ्याला नाही, देणाऱ्या बँकेला मोजावी लागते.

पास झालेल्या चेकांचा बँकाबँकांमधला हिशेब दिवसभर दर तासाला मिटवला जातो. दुपारी दोनला पुण्याने होकार दिला, तर पुढच्या मिटवणीत रक्कम केटररच्या बँकेकडे येते, आणि तिथून तासाभरात ती त्याच्या खात्यात दिसायला हवी. होकार सातलाच लागला, तर रात्र होते. म्हणजे मंगळवारी टाकलेल्या चेकचे पैसे बुधवारी संध्याकाळी आले, तर कुठेही काही अडलेलं नाही. मध्ये रविवार, दुसरा किंवा चौथा शनिवार अथवा बँकेची सुटी आली, तर तेवढे दिवस पुढे ढकलायचे. कधी ॲपवर रक्कम दिसते पण काढता येत नाही. तिथे 'एकूण शिल्लक' नव्हे, 'वापरण्याजोगी शिल्लक' पाहायची.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट घडते. गावोगावच्या कितीतरी छोट्या सहकारी बँका क्लिअरिंगमध्ये थेट भाग घेत नाहीत. त्या एखाद्या मोठ्या बँकेमार्फत चेक पाठवतात. पतसंस्थेत तर चेक आधी तिचं खातं असलेल्या बँकेत जातो. रक्कम प्रथम मधल्या बँकेत जमा होते, मग आपल्या खात्यात. तिथे एखादा दिवस जास्त लागला, तर दोष क्लिअरिंगचा नसतो. याउलट चेक आपल्याच बँकेचा असेल, तर तो क्लिअरिंगला जातच नाही. तो आतल्या आत वळता होतो, आणि तिथे दुसरा दिवस उजाडला तर विचारायलाच हवं.

शाखेत "पैसे कधी येणार?" असं विचारलं, तर मोघम उत्तर मिळतं. त्याऐवजी "आउटवर्डला कोणत्या तारखेला गेला?" असं विचारावं. ही नोंद संगणकावर असते. गेलाच नसेल, तर उशीर आपल्या शाखेचा. गेला असूनही दुसऱ्या दिवशी जमा नसेल, तर परत आला का, हे विचारावं. परत आला असेल, तर कारण लिहिलेला रिटर्न मेमो आणि मूळ चेक दोन्ही मागून घ्यावेत, आणि ते कोणत्या तारखेला मिळाले ते टिपून ठेवावं. पैसे नाहीत म्हणून परतलेल्या चेकवर कायदेशीर नोटीस पाठवायला, परतीची माहिती बँकेकडून मिळाल्यापासून 30 दिवसच असतात.