चिमूटभर तपकीर आणि चुन्याची करामत

पेशावर-काबूलच्या बाजारात नसवारचं दुकान लांबूनच ओळखू येतं. समोर हिरव्या, ओलसर भुकटीचा ढीग असतो आणि शेजारी तीच भरलेल्या इवल्याशा पुड्या. उन्हात वाळवलेली तंबाखूची पानं कुटायची, त्यात भिजवलेला चुना आणि लाकडाची राख मिसळायची, पाणी घालून मळायचं, हवी तर वेलची टाकायची. झाली नसवार! पश्तून माणूस त्यातली चिमूट घेऊन तिची गोळी वळतो आणि खालच्या ओठामागे ठेवतो. कोरडी, बारीक भुकटी केली तर ती नाकातही ओढली जाते. आपल्याकडची तपकीर हा त्याच घराण्यातला प्रकार.

चुना कशाला?

चवीसाठी नाही, हे आधी सांगायला हवं. तंबाखूतलं निकोटिन दोन रूपांत असतं. एक रूप विद्युतभारित असतं, ते पेशींच्या आवरणाला अडून राहतं. दुसरं भाररहित असतं, ते आवरणातून सहज आरपार जातं. कुठलं रूप किती, हे ठरवतो सामू, म्हणजेच पीएच. सामू ६ असेल तर शंभरातला जेमतेम एक भाग निकोटिन आरपार जाण्याजोगं असतं. सामू ८ झाला की निम्मं, आणि ९ झाला की जवळजवळ नव्वद टक्के! तंबाखू तीच आणि तेवढीच, पण चुना-राखेनं सामू चढला की तिचा मारा कित्येक पटींनी वाढतो. आपल्याकडे तळहातावर चुना लावून तंबाखू मळतात, त्यामागेही हेच रसायन आहे. मळणाऱ्याला सामू ठाऊक नसतो, पण चुन्याशिवाय ‘किक’ बसत नाही हे पक्कं ठाऊक असतं.

नाक हा आडवाटेचा दरवाजा

नाकाच्या आतलं अस्तर उघडून पसरलं तर साधारण दीडशे चौरस सेंटिमीटर भरेल. त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. तिथून शोषलेलं निकोटिन यकृताला वळसा घालून थेट रक्तात उतरतं. गिळलेल्या निकोटिनचा मोठा भाग यकृत आधीच मोडून टाकतं, तो पहारा इथे चुकतो. म्हणूनच सरावलेल्या माणसाच्या रक्तात एका चिमटीनंतर दहाएक मिनिटांत सिगारेटच्या तोडीचं निकोटिन दिसू शकतं. ‘धूर नाही, म्हणजे सौम्य’ हा समज इथेच खोटा ठरतो. नवख्याला चक्कर, मळमळ आणि धडधड होते, ती याच वेगामुळे. पुढे निकोटिनची पातळी दर दोनेक तासांनी निम्मी होत जाते आणि हात पुन्हा डबीकडे वळतो.

लंडन, १७६१

तंबाखू आणि कर्करोग यांचा संबंध पहिल्यांदा कागदावर आला तो सिगारेटमुळे नव्हे, तपकिरीमुळे. लंडनच्या जॉन हिल या वैद्यानं १७६१मध्ये तपकिरीच्या अतिरेकाविरुद्ध पुस्तिका लिहिली. त्यातला एक रुग्ण वर्षानुवर्षं भरपूर तपकीर ओढणारा. आधी त्याला एका नाकपुडीतून श्वास घेणं जड जाऊ लागलं. मग आत गाठ जाणवली. ती हळूहळू वाढत गेली आणि तिनं ती नाकपुडी पूर्ण बुजवली. तो हिलकडे गेला तेव्हा गाठ काळी पडली होती आणि रुंद बुंध्यानं चिकटल्यामुळे काढता येण्यासारखी नव्हती. दोन-चार रुग्णांवरून काही सिद्ध होत नाही, हे खरं. पण हिलची नजर मला विलक्षण वाटते, कारण ही खूण आजही लागू आहे: एकाच नाकपुडीचं सततचं चोंदणं, त्यातून रक्त येणं.

अपाय नेमका कशानं?

निकोटिन चटक लावतं. कर्करोगाला मुख्यतः कारणीभूत असतात नायट्रोसअमाइन्स. तंबाखू वाळवताना, मुरवताना आणि साठवताना ती तयार होतात. त्यांपैकी एनएनएन आणि एनएनके ही दोन मानवी कर्करोगकारक ठरली आहेत. नसवारची गोळी रोज एकाच जागी बसते, तिथे चुन्यानं सोललेल्या त्वचेवर ही रसायनं तासन् तास राहतात. तोंडातला पुसूनही न जाणारा पांढरा चट्टा, किंवा दोन-तीन आठवड्यांत न भरलेला व्रण, ही धोक्याची खूण. नाकात आधी वेगळं घडतं. अस्तरावरची सूक्ष्म लव मंदावते, शेंबूड साचतो, सर्दी जुनाट होते आणि वास कमी येऊ लागतो.

आपल्याकडे तपकीर किंवा मशेरी दातांना लावणाऱ्या बायका खूप आहेत. ‘मी कुठं तंबाखू खाते?’ असं त्या अगदी मनापासून म्हणतात. पण हिरडीतूनही निकोटिन रक्तात जातंच, आणि सकाळी मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, ही तक्रारही व्यसनाचाच भाग असू शकते.

घरात असं कुणी असेल, तर या आठवड्यात त्यांचं तोंड उजेडात, ओठ वळवून एकदा पाहा. चट्टा किंवा व्रण दिसला तर दंतवैद्याकडे न्या. सोडायचं ठरवलंत तर राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइन मोफत आहे: १८००-११२-३५६.