नेट कार्ब्सची वजाबाकी

नेट कार्ब्स म्हणजे एकूण कर्बोदकांतून तंतुमय पदार्थ आणि शुगर अल्कोहोल वजा करून उरलेला आकडा. तंतूंचे रासायनिक घराणे कर्बोदकांचेच, पण लहान आतड्यातील पाचकरस ते फोडू शकत नाहीत. त्यामुळे त्यांची साखर होऊन रक्तात जात नाही. मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यातले काही आंबवतात आणि त्यातून थोडी ऊर्जा मिळते; रक्तशर्करा मात्र वाढत नाही. म्हणून तंतू पूर्ण वजा करता येतात.

शुगर अल्कोहोलचे तसे नाही. यांचा दारूशी संबंध नाही. साखरेपासून बनवलेले हे गोड पदार्थ आहेत. एरिथ्रिटॉल बहुतांश रक्तात शोषले जाते, पण शरीर ते न वापरता लघवीवाटे टाकते, म्हणून ते पूर्ण वजा केले तरी चालते. माल्टिटॉलमधून मात्र ग्लुकोज सुटते आणि रक्तशर्करा वाढते. म्हणून माल्टिटॉल, सॉर्बिटॉल यांचे निम्मेच वजन वजा करण्याचा ढोबळ संकेत आहे.

लो-कार्ब जेवणाचे एक उदाहरण घेऊ. पन्नास ग्रॅम बदामाच्या पिठाच्या भाकरीत सुमारे ११ ग्रॅम एकूण कर्बोदके असतात आणि त्यांत ६ ग्रॅम तंतू. जेवणानंतर खाल्लेल्या ‘शुगर-फ्री’ चॉकलेटच्या वेष्टनावर एकूण कर्बोदके १६, तंतू ३ आणि माल्टिटॉल १२ ग्रॅम लिहिले आहे असे धरू. एकूण झाले २७ ग्रॅम. सगळे वजा केले तर ६ ग्रॅम उरतात. माल्टिटॉल निम्मेच वजा केले तर १२. एका चॉकलेटने हिशेब दुप्पट झाला. वेष्टनावर ठळक छापलेला ‘नेट कार्ब्स’चा आकडा बहुधा पहिल्या पद्धतीचा असतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या शब्दाची अधिकृत व्याख्याच केलेली नाही, तेव्हा घटकांच्या यादीत कोणते शुगर अल्कोहोल आहे हे पाहणे भागच आहे.

दुसरी चूक जास्त फसवी आहे: तंतू दोनदा वजा होणे. अमेरिकी लेबलवर तंतू एकूण कर्बोदकांत धरलेले असतात. युरोपातील लेबलवर कर्बोदकांचा आकडा तंतू वगळूनच दिलेला असतो. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०१७ च्या अन्नघटक कोष्टकांतही तसेच आहे. तिथे पुन्हा वजाबाकी केली तर बदामाचे उत्तर शून्याखाली जाते. तंतूंचा आकडा कर्बोदकांपेक्षा मोठा दिसला की वजाबाकी आधीच झालेली आहे, हे नक्की समजावे. बाकीच्या पदार्थांत हे इतके उघड दिसत नाही. तंतूंची ओळ ‘एकूण कर्बोदके’ या ओळीखाली, थोडी आत सरकवून छापली असेल तर ते त्यात धरलेले असतात.

इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी हा फरक नुसत्या हिशेबाचा नाही. वजाबाकी जास्त झाली तर मात्रा कमी पडते, आणि पूर्ण २७ ग्रॅम धरून मात्रा घेतली तर साखर नको तितकी उतरू शकते. त्यांनी कोणता आकडा धरायचा हे डॉक्टरांशी बोलून ठरवावे आणि जेवणानंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर साखर तपासून पडताळावे.